पेग तेवढेच, अंगातलं पाणी कमी

"बाबा गेली चाळीस वर्षं रोज दोनच पेग घेतात. कधी तोल गेला नाही, कधी आवाज चढला नाही. मग आत्ताच का पडले?"

कोथरूडच्या माझ्या दवाखान्यात एका मुलीने मला हे विचारलं. वडील बहात्तर वर्षांचे, पिंपरीतल्या कारखान्यातून निवृत्त. शनिवारी रात्री दोन वाजता लघवीला उठले आणि बाथरूमच्या उंबऱ्याशी कोसळले. खुब्याचं हाड मोडलं. मुलगी बेंगळुरूहून धावत आली होती. तिच्या डोक्यात फरशी ओली होती, दिवा नव्हता, एवढंच होतं. दारूचा विषय मी काढला, तेव्हा तिला तो अन्यायच वाटला.

तिचा प्रश्न अगदी रास्त होता, आणि तो मी अनेक घरांतून ऐकतो. माप बदललं नाही, सवय बदलली नाही, मग परिणाम का बदलला? उत्तर देण्यासाठी त्या एका रात्रीचा हिशेब नीट मांडू या. काकांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. त्यांना इथे नुसतं काकाच म्हणतो.

## आमटीतलं पाणी आटलं की मीठ जास्त लागतं

दारूतला मादक भाग म्हणजे अल्कोहोल. ते पाण्यात विरघळतं, चरबीत फारसं शिरत नाही. त्यामुळे पोटातून रक्तात आलेलं अल्कोहोल शरीरातल्या पाण्यात पसरतं. पाणी जितकं जास्त तितकं ते पातळ होतं.

तरुण पुरुषाच्या वजनाचा साधारण साठ टक्के भाग पाणी असतो. सत्तरीत तो पन्नास टक्क्यांच्या आसपास येतो, बायकांमध्ये त्याहूनही खाली. याचं कारण स्नायू. स्नायूंमध्ये भरपूर पाणी असतं, चरबीत अगदी थोडं. वय वाढतं तसे स्नायू झिजतात आणि त्यांची जागा चरबी घेते. वजनकाटा मात्र तोच आकडा दाखवतो. काकांचं वजन पस्तिशीत सत्तर किलो होतं आणि आजही सत्तरच आहे, याचा त्यांना अभिमान आहे. पण तेव्हा त्या सत्तर किलोंत सुमारे ४२ लिटर पाणी होतं, आता ३५ लिटर आहे.

आमटी आटली आणि मीठ तेवढंच राहिलं तर ती खारट लागते. इथेही तेच घडतं. तेच दोन पेग सात लिटर कमी पाण्यात उतरतात आणि रक्तातलं प्रमाण सुमारे वीस टक्क्यांनी वाढतं. दोन पेगांचा परिणाम जवळपास अडीच पेगांइतका होतो. एक थेंब जास्त न पिता.

## खिडकी एकच, आणि तीही थोडी सावकाश

बहुतेक औषधं शरीरातून जाताना एक सोय असते. रक्तात जितकं जास्त औषध, तितकं यकृत झपाट्याने काढतं. अल्कोहोलच्या बाबतीत ही सोय जवळजवळ नाही. यकृतातली जी विकरं, म्हणजे रासायनिक काम करणारी प्रथिनं, अल्कोहोल मोडतात ती थोड्याशा दारूतच पूर्ण गुंतून जातात. त्यानंतर कितीही अल्कोहोल येवो, ताशी ठरावीकच बाहेर पडतं. बसस्थानकावर तिकिटाची एकच खिडकी उघडी असावी तसं. रांगेत दहा माणसं असोत की साठ, आतला माणूस तासाला तेवढीच तिकिटं फाडणार. काळी कॉफी, लिंबूपाणी, गार पाण्याची अंघोळ यांनी रांग पुढे सरकत नाही.

सर्वसाधारण प्रौढ माणसाच्या यकृताचा हा वेग ताशी सुमारे सात ग्रॅम धरतात. उतारवयात यकृत आकाराने लहान होतं आणि त्यातून वाहणारं रक्तही कमी होतं. वेग किती घटतो हे माणसागणिक बदलतं, आणि रोज पिणाऱ्याचं यकृत तेच काम जरा भराभर करायलाही शिकलेलं असू शकतं. म्हणून पुढचं गणित अंदाजाचं आहे. काकांसाठी मी ताशी सहा ग्रॅम धरतो.

आता पेग. मोठा पेग म्हणजे ६० मिली. आपल्याकडच्या व्हिस्कीच्या बाटलीवर ४२.८ टक्के असं छापलेलं असतं. त्या हिशेबाने एका मोठ्या पेगात सुमारे वीस ग्रॅम अल्कोहोल असतं, दोन पेगांत चाळीस. काकांनी साडेआठला सुरुवात केली. रात्री दोनपर्यंत साडेपाच तास होतात. पस्तिशीतल्या काकांच्या यकृताने तेवढ्या वेळात ३८ ग्रॅम उरकले असते. म्हणजे दोन वाजता ते जवळजवळ कोरे उठले असते. बहात्तरीत ३३ ग्रॅम उरकतात आणि सात ग्रॅम उरतात.

सात ग्रॅमने माणूस पडतो का? एकट्या तेवढ्याने बहुधा नाही. म्हणून मी काकूंना वेगळाच प्रश्न विचारला.

## "खंबा किती दिवस पुरतो?"

पेग किती घेता, या प्रश्नाला खरं उत्तर क्वचित मिळतं. माणसं खोटं बोलतात असं नाही. घरी कोणी मापाने ओततच नाही. ग्लास मोठा असतो, बाटली हातात असते, आणि 'एक पेग' म्हणजे ग्लासात एकदा ओतलेली दारू. म्हणून पेग मोजण्यापेक्षा बाटली किती दिवसांत संपते ते विचारावं.

काकू क्षणभर थांबल्या. "चार दिवस. रविवारी संपला की गुरुवारी दुसरा संपतो."

खंब्यातले ७५० मिली भागिले चार. रोज १८७ मिली, म्हणजे १८० मिलीच्या क्वार्टर बाटलीहून जराशी जास्तच. काकांचा 'एक पेग' नव्वदच्या वर होता. त्यात अल्कोहोल होतं ६३ ग्रॅम. रात्री दोन वाजेपर्यंत ३३ ग्रॅम गेलं तरी तीस ग्रॅम शिल्लक, म्हणजे दीड मोठा पेग. ३५ लिटर पाण्यात पसरल्यावर रक्तात १०० मिलीला सुमारे ७० मिलिग्रॅम. आपल्या कायद्यात गाडी चालवायची मर्यादा ३० आहे. झोपून उठलेले, स्वतःला शुद्धीवर समजणारे काका त्या मर्यादेच्या दुपटीहून वर होते.

घरी हा हिशेब करायचा असेल तर आणखी दोन मापं उपयोगी पडतील. पाच टक्क्यांच्या बिअरच्या ६५० मिली बाटलीत सुमारे पंचवीस ग्रॅम अल्कोहोल असतं, तर आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या तेवढ्याच बाटलीत चाळीस. 'मी फक्त एक बिअर घेतो' असं म्हणणारे आजोबा स्ट्राँग घेत असतील तर ते दोन मोठे पेग घेत आहेत.

## वरच्या मजल्यावर पाणी चढत नाही

पुण्यात सोसायटीत राहणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. दाब कमी असला की तळमजल्याचा नळ वाहतो आणि चौथ्या मजल्यावरचा नुसता फुसफुसतो. आपल्या शरीरात मेंदू सगळ्यात वरच्या मजल्यावर आहे.

आपण अंथरुणातून उठून उभे राहतो तेव्हा अर्धा-पाऊण लिटर रक्त पाय आणि पोटाकडे उतरतं. तरुण शरीर लगेच पायांतल्या रक्तवाहिन्या आवळतं, हृदयाचे ठोके वाढवतं, आणि मेंदूचा पुरवठा तुटत नाही. वय वाढलं की ही यंत्रणा आळसावते. अल्कोहोल रक्तवाहिन्या आवळूच देत नाही. आणि काकांच्या गोळ्यांच्या डब्यात याच कामाच्या आणखी दोन गोळ्या होत्या.

एक रक्तदाबाची, अ‍ॅम्लोडिपिन. ती रक्तवाहिन्या सैल करते, त्यासाठीच ती दिलेली असते. दुसरी प्रोस्टेटची, टॅम्सुलोसिन. पुरुषांच्या मूत्राशयाखाली प्रोस्टेट नावाची ग्रंथी असते. ती वयाबरोबर वाढली की लघवीची वाट चेपते. टॅम्सुलोसिन तिथले स्नायू सैल करते. पण तसेच स्नायू रक्तवाहिन्यांच्या भिंतीतही असतात, आणि थोडा परिणाम तिथेही होतो. काकांना ती रात्री जेवणानंतर घ्यायला सांगितली होती.

आता दोन वाजता काय झालं पाहा. अल्कोहोल मेंदूतून येणारा एक संदेश दाबून टाकतं. हा संदेश मूत्रपिंडांना पाणी राखून ठेवायला सांगतो. तो दबला की लघवी जास्त तयार होते. त्यात प्रोस्टेट वाढलेलं. त्यामुळे गाढ झोपेतून घाईने उठावं लागतं. उठताच दाब खाली जातो, डोळ्यांपुढे अंधारी येते. बाथरूम सहा पावलांवर. चौथ्या पावलाला पाय उंबऱ्याला लागतो. तरुण माणूस अशा वेळी पाऊल पुढे टाकून सावरतो. अल्कोहोलने छोट्या मेंदूचं, म्हणजे तोल सांभाळणाऱ्या भागाचं काम मंदावलेलं असतं, त्यामुळे ते सावरणारं पाऊल उशिरा पडतं किंवा पडतच नाही.

फरशी ओली होती हे खरं. पण त्याच ओल्या फरशीवरून काकू गेली वीस वर्षं रात्री उठून जात होत्या.

हा दाब घरी तपासता येतो. पाच मिनिटं शांत आडवं पडून रक्तदाब मोजायचा. मग उभं राहून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजायचा. वरचा आकडा वीस किंवा जास्त, अथवा खालचा दहा किंवा जास्त उतरला, तर ती आजाराची खूण आहे आणि गोळ्या पुन्हा तपासायला हव्यात. शेजारी कोणीतरी उभं हवं. दवाखान्यात खुर्चीवर बसवून मोजलेल्या रक्तदाबात हे दिसत नाही, आणि बहुतेक ठिकाणी बसवूनच मोजतात.

## "झोपेसाठी अर्धीच गोळी घेतो"

काकांच्या डब्यात एक पट्टी कुठल्याच चिठ्ठीवर नव्हती. क्लोनाझेपाम, झोपेची. टेकडीवर सोबत फिरायला येणाऱ्या मित्राने दिलेली. ते अर्धी गोळी घ्यायचे, पेगनंतर दोन तासांनी. 'अंतर ठेवतो' हे त्यांनी मला मुद्दाम सांगितलं.

अंतराची ही समजूत फार घट्ट रुजलेली आहे, म्हणून ती थोडी उलगडतो. औषध रक्तात निम्मं व्हायला जो वेळ लागतो त्याला अर्धायुष्य म्हणतात. क्लोनाझेपामचं अर्धायुष्य साधारण तीस ते चाळीस तास असतं. काल रात्री घेतलेली गोळी आज पेग भरताना अंगात निम्म्याहून जास्त असते, आणि परवाचीही थोडी असते. अ‍ॅम्लोडिपिनचं अर्धायुष्यही असंच दीडएक दिवसाचं. अशा औषधांपुढे दोन तासांच्या अंतराला काहीच अर्थ उरत नाही. रोज गोळी घेणाऱ्याच्या अंगात ती चोवीस तास असतेच.

मेंदूत पेशींना 'शांत हो' सांगणारं एक द्रव्य असतं. झोपेच्या या जातीच्या गोळ्या त्याचा जोर वाढवतात आणि अल्कोहोलही त्याच द्रव्याचा जोर वाढवतं. दोन्ही एकदम आले की गुंगी खोल होते, तोल जातो, श्वास उथळ होतो, आणि रात्रीचं काही आठवत नाही. अलप्राझोलामचंही तेच. म्हातारपणी या गोळ्या शक्यतो देऊ नयेत असं वृद्धांच्या औषधांविषयीच्या मार्गदर्शक सूचना दारूचा विषय बाजूला ठेवूनही सांगतात. सर्दीच्या ज्या गोळ्यांनी झोप येते, आणि पाठदुखीसाठी दिली जाणारी ट्रामाडोल किंवा प्रीगॅबालिन, याही दारूबरोबर गुंगी वाढवतात. त्यांचा दारूशी संबंध असेल असं कोणाला वाटतही नाही.

"पण पेग घेतला नाही तर झोपच येत नाही," काका म्हणाले. झोप लवकर लागते हे खरं आहे. पण अल्कोहोल उतरायला लागलं की झोप विस्कटते, आणि माणूस दोन-तीन वाजता टक्क जागा होतो. मग वाटतं, झोप कमी पडतेय. म्हणून अर्धी गोळी. गोळीची गरज निर्माण केली पेगनेच.

## "चढलीय, झोपू द्या"

या वाक्याला मी सगळ्यात जास्त घाबरतो. कारण रक्तातली साखर उतरलेला माणूस हुबेहूब दारू चढलेल्या माणसासारखा दिसतो. बोलणं अडखळतं, चिडचिड होते, पाय लटपटतात, ग्लानी येते. तोंडाला वास तर असतोच.

काकांना मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड होती. ती स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, आणि इन्सुलिन साखर उतरवतं. साखर फार खाली येऊ लागली की एरवी यकृत नवी साखर तयार करून रक्तात सोडतं. पण यकृत अल्कोहोल मोडण्यात गुंतलेलं असताना हे काम अडतं. त्यात संध्याकाळी शेंगदाणे आणि फरसाणाने पोट भरलेलं, जेवायला बसल्यावर अर्धी पोळी. इन्सुलिनचा रेटा चालू, घरातला साठा संपत आलेला, आणि नवीन येणं बंद. साखर लगेच पडत नाही. ती पहाटे पडते, कधी दुसऱ्या दिवशी सकाळी.

ओळखायचं कसं? गार घाम ही मोठी खूण आहे. पण खुणांवर विसंबू नये, बोटातून थेंब काढून साखर मोजावी. मधुमेही माणूस पिऊन विचित्र वागत असेल तर प्रत्येक वेळी. ७० च्या खाली असेल आणि माणूस शुद्धीवर असून गिळू शकत असेल, तर तीन चमचे साखर पाण्यात घालून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावी, मग पोळी-भातासारखं काहीतरी खायला द्यावं. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही ओतू नये, ते श्वासनलिकेत जातं. कुशीवर वळवून १०८ ला फोन करावा.

नुसती मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत साखर अशी सहसा पडत नाही. म्हणून 'शुगरची गोळी आहे' एवढं पुरत नाही, कुठली आहे ते घरातल्या दुसऱ्या माणसालाही माहीत हवं.

## डोक्याला लागलं, पण टेंगूळसुद्धा नाही

ओल्या नारळात खोबरं करवंटीला चिकटलेलं असतं. नारळ सुकला की गोटा सुटतो आणि हलवला की आत खुडखुडतो. वय वाढतं तसा मेंदूही थोडा आक्रसतो, आणि वर्षानुवर्षांच्या दारूने अधिक. मेंदूपासून त्याच्या बाहेरच्या आवरणाकडे जाणाऱ्या बारीक शिरा त्या वाढलेल्या फटीत ताणल्या जातात. मग डोकं दाराला आपटणं, किंवा डोकं न आपटता नुसता जोराचा हिसका बसणंही एखादी शीर फाटायला पुरतं. रक्त थेंबाथेंबाने साचत जातं. आक्रसलेल्या मेंदूभोवती जागा असल्यामुळे पहिले दोन-तीन आठवडे काहीच कळत नाही.

मग हळूहळू डोकं दुखतं, चाल बदलते, एक पाय ओढला जातो, माणूस दिवसा झोपतो, नावं विसरतो. घरचे म्हणतात, वय झालं. काही म्हणतात, हल्ली जास्त घेतात. खरं तर कवटीत रक्त साकळलेलं असतं आणि बऱ्याचदा लहानसं छिद्र पाडून ते काढता येतं. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल, म्हणजे अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, आणि त्याहून जास्त अ‍ॅसिनोकुमारोल किंवा वॉरफेरिन, तर धोका वाढतो. अशा माणसाच्या डोक्याला पडताना लागलं असेल तर तो ठीक वाटला तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावं, आणि महिनाभर त्याच्या चालण्याकडे लक्ष ठेवावं. पडल्याचं त्याला स्वतःला आठवत नसेल, हेही ध्यानात असू द्या.

## तिसरी रात्र

आता पुन्हा काकांकडे. रविवारी पहाटे त्यांना रुग्णालयात नेलं. भरती करताना विचारलं, काही व्यसन? मुलगी म्हणाली, "नाही." तिला लाज वाटली असेल, किंवा चाळीस वर्षांच्या दोन पेगांना ती व्यसन मानत नसेल. झोपेची गोळी तर तिला ठाऊकच नव्हती. सोमवारी शस्त्रक्रिया झाली, उत्तम झाली.

मंगळवारी संध्याकाळी हात थरथरू लागले, घाम फुटला. रात्री काका सलाईन ओढू लागले. भिंतीवर मुंग्या दिसत होत्या. नर्सला सुपरवायझर समजून गेटपास मागत होते, दुसरी पाळी सुटली म्हणत होते. मुलीला वाटलं, भूल जास्त झाली.

भूल जास्त झाली नव्हती. चाळीस वर्षं मेंदूला दाबून ठेवणारी दारू शनिवारी रात्री अचानक बंद झाली होती. दाबाखाली राहण्याची सवय झालेला मेंदू प्रतिकार म्हणून स्वतःला चेतवत राहतो. दाब निघाला की तो स्प्रिंगसारखा उसळतो. झोपेची गोळीही त्याच दिवशी बंद झाल्याने उसळी दुप्पट. थरथर पहिल्या दिवसातच सुरू होऊ शकते, फिट येऊ शकते, आणि हा गंभीर भ्रम दोन ते चार दिवसांनी येतो. वेळेत ओळखला नाही तर जीव जाऊ शकतो. यावर उपचार आहे. रुग्णालयात मोजून-मापून शांत करणारं औषध देतात आणि थायमिन नावाचं ब जीवनसत्त्व शिरेतून देतात. रोज पिणाऱ्यांमध्ये त्याची कमतरता असते, आणि ते न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते.

काकूंनी बुधवारी सकाळी खरं सांगितलं, आणि उपचाराची दिशा बदलली. ही माहिती रविवारीच मिळाली असती तर मंगळवारची रात्र टाळता आली असती. शस्त्रक्रियेआधी भूलतज्ज्ञ हा प्रश्न विचारतात तो नीतिमत्ता तपासायला नाही. बाटली किती दिवसांत संपते, शेवटचा पेग कधी घेतला, हे दोन आकडे त्यांना नक्की सांगा. नातेवाइकांसमोर सांगायचं नसेल तर बाहेर जाऊन सांगा.

## मग बाटली आजच फेकून द्यायची का?

रोज क्वार्टरच्या आसपास घेणाऱ्याने नाही. तिसऱ्या रात्रीचं कारण तुम्ही आत्ताच वाचलंत. घरचे संतापून बाटली मोरीत ओततात आणि तीन दिवसांनी माणूस भ्रमात जातो, हे मी पाहिलं आहे. अशा माणसाची दारू डॉक्टरांच्या देखरेखीखाली उतरवत आणावी लागते. झोपेची गोळीही तशीच, आठवड्या-आठवड्याने थोडी थोडी. उलट, पेग घ्यायचा आहे म्हणून 'आज रोजची गोळीच घेत नाही' हा मार्गही चुकीचा. रक्तदाबाची आणि रक्त पातळ करणारी औषधं चुकवण्याने वेगळं संकट येतं.

ज्यांना सोडायची आहे पण जमत नाही त्यांच्यासाठी पुण्यात येरवड्याला १९८६ पासून मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे. वयाच्या सत्तरीत कोण सुधारतं, असं घरचेच म्हणतात. माझा अनुभव वेगळा आहे. या वयात नोकरी सुटल्यावर किंवा जोडीदार गेल्यावर वाढलेली दारू बऱ्याचदा तरुणांच्या दारूपेक्षा लवकर सुटते, कारण ती चाळीस वर्षं मुरलेली नसते.

## "थोडी हृदयाला चांगली असते ना?"

हे वाक्य जुन्या अभ्यासांतून आलं. त्यांत थोडी पिणारे लोक अजिबात न पिणाऱ्यांपेक्षा निरोगी दिसले. पण न पिणाऱ्यांच्या गटात आजारी पडल्यामुळे दारू सोडलेलेही मोजले गेले होते, त्यामुळे तो गट मुळातच अशक्त होता. ही चूक दुरुस्त केल्यावर फायदा बराचसा विरून जातो. जानेवारी २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने दारूचं कुठलंही प्रमाण सुरक्षित म्हणता येत नाही असं स्पष्ट सांगितलं. आणि रक्तदाब वाढवणं, ठोके अनियमित करणं ही दारूचीच कामं आहेत.

वाइनला या बाबतीत वेगळी वागणूक नाही. यकृताला ग्लासातला रंग दिसत नाही, ते फक्त ग्रॅम मोजतं.

## गोळ्यांची पिशवी

काकांच्या उपचारांत सगळ्यात उपयोगी गोष्ट ठरली ती एक कापडी पिशवी. मी काकूंना सांगितलं होतं, घरात ज्या ज्या गोळ्या आहेत त्या सगळ्या आणा, चिठ्ठीच्या आणि बिनचिठ्ठीच्या. टेबलावर ओतल्या तर अकरा प्रकार निघाले. हृदयाचे डॉक्टर वेगळे, मधुमेहाचे वेगळे, लघवीचे वेगळे. प्रत्येकाने आपली गोळी बरोबर दिली होती. सगळ्या एकत्र कोणी पाहिल्याच नव्हत्या, आणि संध्याकाळी साडेआठला काय होतं हे त्यांपैकी कोणाच्याच फाईलमध्ये नव्हतं.

अकराच्या सात झाल्या. ग्लिमेपिराइड त्यांच्या मधुमेहाच्या डॉक्टरांशी बोलून बदलली, साखर न पाडणारी गोळी आली. क्लोनाझेपाम अडीच महिन्यांत हळूहळू उतरवून बंद झाली. टॅम्सुलोसिन ठेवली, त्यांना ती हवीच होती. पलंगाशेजारी हात पोहोचेल असा मंद दिवा आला, बाथरूमच्या भिंतीला पकडायला दांडी आली. रात्री उठताना काका आता आधी पलंगाच्या कडेला बसतात, घोटे दहा वेळा वरखाली करतात, मग उभे राहतात. लघवीही बसूनच करतात. हे त्यांना सांगायला मला थोडा संकोच वाटला होता, त्यांना मात्र काहीच वाटलं नाही.

दारू रुग्णालयातच सुटली होती. ती पुन्हा सुरू करायची नाही, हे काकांनी स्वतः ठरवलं.

गेल्या महिन्यात ते काठी टेकत आले. मी आडवं झोपवून दाब घेतला, वरचा आकडा १३४. उभं राहिल्यावर तीन मिनिटांनी १२८. काकूंनी तो वहीत लिहून घेतला.